बजेटच्या फॉर्मात 'निष्पत्ती'चा रकाना आलाय, त्यात लिहायचं काय?

पांदणवाट
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका तालुक्याच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. पशुसंवर्धनाचं टेबल माझ्याकडे आहे, लागून दोन वर्षं झाली.

आतापर्यंत अंदाजपत्रक म्हणजे मागच्या वर्षीची फाइल काढायची, प्रत्यक्ष खर्च टाकायचा, चालू वर्षाचा सुधारित टाकायचा आणि पुढच्या वर्षासाठी प्रत्येक बाबीला थोडं वाढवून मागायचं. वेतन, वीज-फोन, प्रवास, कार्यालयीन खर्च, साहित्य, पेट्रोल. अर्ध्या दिवसाचं काम. यंदा वरून आलेल्या एक्सेलमध्ये तीन रकाने जास्तीचे आहेत: भौतिक उद्दिष्ट, साध्य आणि अपेक्षित निष्पत्ती.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "उद्दिष्टात कृत्रिम रेतनाचा आकडा टाक, निष्पत्तीत 'दूध उत्पादनात वाढ' लिही आणि पाठवून दे." तसं लिहून पाठवलंही. पण रात्री झोप लागेना. दूध वाढलं हे आपल्याला कुठून कळलं? आपण तर एकाही गोठ्यातलं दूध मोजलेलं नाही.

हे तीन रकाने एकाच गोष्टीची तीन नावं आहेत की खरंच वेगळं काही आहे? आणि माझ्यासारख्या टेबलावरच्या माणसाने ते प्रामाणिकपणे भरायचे कसे?

एमपीएससी_वारी
सोपं आहे. बाबनिहाय बजेट ही इंग्रजांची पद्धत, कशावर खर्च केला एवढंच सांगणारी. अमेरिकेत १९४९ ला हूवर आयोगाने परफॉर्मन्स बजेट सुचवलं, म्हणजे काय काम केलं ते सांगा. आपल्याकडे पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या शिफारशीवरून १९६८ पासून केंद्रात ते सुरू झालं. मग २००५ मध्ये चिदंबरम यांनी आउटकम बजेट आणलं, म्हणजे कामाने काय बदललं ते सांगा. तेव्हापासून बाबनिहाय पद्धत बंद झाली. महाराष्ट्राने तर १९८६ लाच शून्याधारित बजेट घेतलं होतं, तेही याच कुळातलं. त्यामुळे तुझ्या साहेबांची पद्धत कालबाह्य आहे. निष्पत्तीत दूध लिहिलंस ते बरोबरच आहे, कारण दूध हा आउटकम आणि रेतन हा आउटपुट.

जमाखर्चकाका
वारी, सनावळ्या पाठ आहेत, शाबास. पण "बंद झाली" हे कुठून आणलंस? मी तीस वर्षं वित्त विभागात घासली, एकही वर्ष बाबनिहाय बजेट बंद पडलेलं पाहिलं नाही.

पांदणवाट, उद्या टेबलावरचं कुठलंही एक देयक घे आणि त्याचं लेखाशीर्ष वाच. सुरुवातीला २४०३ असेल, म्हणजे पशुसंवर्धन. मग योजनेचे आकडे. आणि शेवटी दोन अंक: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, २१ साहित्य व पुरवठा, २४ पेट्रोल, तेल, वंगण. पुढचा भाग सांगतो पैसा कोणत्या कामासाठी, शेवटचे दोन अंक सांगतात कोणत्या वस्तूसाठी. पुढची कामनिहाय मांडणी १९७४ च्या लेखाशीर्ष-सुधारणेतून आली. म्हणजे कामही त्या आकड्यात आहे आणि बाबही आहे. कोषागार देयक पास करतं ते मात्र शेवटच्या दोन अंकांवर. २४ मध्ये पैसे नसतील तर २१ मध्ये कितीही पडून असोत, पंपाचं बिल निघत नाही.

कार्यक्रम अंदाजपत्रक असो की निष्पत्तीचं, ते या सांगाड्याला जोडलेलं वेगळं पुस्तक आहे. सभागृहात मतदान होतं ते अनुदानाच्या मागण्यांवर, त्या पुस्तकावर नाही. दोन पुस्तकं वेगवेगळी माणसं भरतात, वेगवेगळ्या महिन्यांत. तुला झोप लागली नाही याचं कारण हेच आहे, आणि झोप न लागणारा सहायक मी बऱ्याच वर्षांनी पाहतोय.

शून्याधारित हा निराळाच विषय. तिथं प्रश्न असतो की हा खर्च मुळात करायचा का. इथं नको.

गोठेवाला
भाऊ, तुमी दुधाचं बोलून रायले म्हनून लिवतो. माह्या म्हशीले तीन डाव कांडी भरली, तिन्ही डाव उलटली. दवाखान्यात फोन केला तं गाडीत तेल नाई म्हने. आता या नव्या फॉर्मात माह्यासारख्याले काही भेटते का? अनुदान कवा येनार?

पांदणवाट
गोठेवाला दादा, हा अनुदानाचा फॉर्म नाही हो. आमच्या ऑफिसच्या बजेटचा आहे.

जमाखर्चकाका
थांब पांदणवाट, त्याला वाटेला लावू नकोस. त्याच्या चार ओळींत तुझा सगळा प्रश्न आहे. तीन वेळा कांडी भरली म्हणजे तुझ्या 'साध्य'च्या रकान्यात तीन रेतनं जमा झाली. वासरू शून्य. आणि "गाडीत तेल नाही" हे बाब क्रमांक २४.

तुझ्या तालुक्यातले दोन दवाखाने निवड. वेतन सोडून बाबनिहाय खर्च, रेतनांची संख्या आणि जन्मलेली वासरं एवढं दे. नावं नकोत. आकडे थोडे गोल केलेस तरी चालेल.

पांदणवाट
काका, हे २०२३-२४ चे, गोल केलेले.

दवाखाना 'अ', वेतन सोडून २,४०,००० रुपये. साहित्य १,२०,०००, पेट्रोल ४०,०००, कार्यालयीन ३०,०००, प्रवास ३०,०००, वीज-फोन २०,०००. रेतनाचं उद्दिष्ट ६००, साध्य ६१२. नोंदलेली वासरं १४०.

दवाखाना 'ब' लहान आहे. उद्दिष्ट ५००, साध्य ३८०. वासरं ९६. याला दरवर्षी कारणे दाखवा नोटीस जाते. मीच टाइप करतो.

दोन्हींचा खर्च शंभर टक्के झालेला. 'अ' चं पेट्रोल नोव्हेंबरातच संपलं होतं, साहित्यात मात्र मार्चमध्ये ३५,००० उरले. त्याचे हातमोजे आणि कापूस घेतला.

जमाखर्चकाका
छान. आता हेच दोन दवाखाने तीन चष्म्यांतून बघ.

बाबनिहाय चष्मा: दोघेही पास. तरतूद खर्च झाली, बचत नाही, न वापरलेले पैसे परत करणं म्हणजे समर्पणही नाही. मार्चमधले ते हातमोजेसुद्धा नियमात बसतात. ३५,००० पेट्रोलकडे वळवायचे तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो, आहरण अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने ते करता येत नाही. तो प्रस्ताव डिसेंबरात गेला तर बरं, फेब्रुवारीत गेला तर फाइल परत येईपर्यंत वर्ष संपतं. म्हणून कोणी पाठवत नाही.

कामाचा चष्मा: इथं खर्च कामावर वाटावा लागतो. 'अ' च्या साहित्यातला निम्मा, म्हणजे ६०,०००, रेतनाचा धरू, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, त्या थंड ठेवणारं द्रव नत्र, शीथ. पेट्रोल निम्मं २०,०००, प्रवास निम्मा १५,०००. झाले ९५,०००. भागिले ६१२, एका रेतनाला १५५ रुपये. 'ब' चे आकडे मला फोनवर सांगितलेस त्यावरून याच पद्धतीने ७९,८०० येतात. भागिले ३८०, म्हणजे २१० रुपये. 'अ' स्वस्त, 'अ' उद्दिष्टाच्या वर, 'ब' ला नोटीस. बरोबर?

हा 'निम्मा' मी अंदाजाने धरलाय हे लक्षात ठेव. लसीकरणाला किती तेल गेलं आणि रेतनाला किती, हे लॉगबुक नीट भरलेलं असेल तरच कळतं. पगार तर मी धरलाच नाही. दोन्हीकडे तो साधारण सारखा आहे म्हणून तुलना चालते.

निष्पत्तीचा चष्मा मात्र आज लावता येणार नाही, कारण तुझी वासरं चुकीच्या वर्षातली आहेत.

पांदणवाट
चुकीची कशी? २०२३-२४ च्या रजिस्टरमधूनच घेतलीत.

कांडीवाला
मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. पशुधन पर्यवेक्षक, सव्वीस वर्षं.

गाय साधारण २८० दिवस, म्हैस ३१० दिवस गाभण राहते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. २५ जूननंतर भरलेली गाय ३१ मार्चच्या आत विणारच नाही, आणि म्हशीचं तर मे संपला की संपलं. म्हणजे तुझ्या त्या १४० वासरांतली बहुतेक आदल्या वर्षीच्या रेतनांची आहेत. त्या वर्षी 'अ' ला दुसराच माणूस असेल, विचारून बघ.

बरोबर करायचं असेल तर २०२३-२४ चं प्रत्येक रेतन घ्यायचं, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर घ्यायचा, आणि तीच गाय पुढच्या वर्षी विण्याच्या नोंदीत शोधायची. तारखेत नऊ-साडेनऊ महिन्यांचं अंतर जुळलं तर ते वासरू त्या कांडीचं. भारत पशुधन ॲपवर नोंद असेल तर लवकर होतं, नसेल तर रजिस्टर आणि फुटपट्टी.

पांदणवाट
शनिवार-रविवार घालवला. बायको विचारत होती, गायींशी लग्न केलंय का.

'अ': ६१२ रेतनांतल्या ८८ नोंदींना बिल्ला नंबरच नाही. उरलेल्या ५२४ पैकी ९२ वासरं जुळली.
'ब': ३८० पैकी ११ ला नंबर नाही. ३६९ पैकी १३३ वासरं जुळली.

आणि कांडीवाला, तुमचं खरं निघालं. 'अ' मधले जुने पर्यवेक्षक मे २०२३ मध्ये बदलून गेले. ती १४० वासरं बरीचशी त्यांची.

जमाखर्चकाका
आता लाव चष्मा. 'अ' चे ९५,००० भागिले ९२, एका वासरामागे सुमारे १,०३३ रुपये. 'ब' चे ७९,८०० भागिले १३३, बरोबर ६०० रुपये. ज्याला नोटीस टाइप करतोस तो स्वस्त, ज्याचं नाव आढावा बैठकीत घेतात तो महाग.

बिल्ला नसलेल्या ८८ बद्दल कोणी बोलेल, म्हणून आधीच करून ठेव. त्या सगळ्या 'ब' च्या दराने, म्हणजे ३६ टक्क्यांनी फळल्या असं उदार मनाने धरलं तर आणखी ३१-३२ वासरं. ९२ ची १२४ झाली. तरी वासरामागे ७६६ रुपये. क्रम बदलत नाही, अंतर कमी होतं.

कांडीवाला
काका, गणित मान्य. पण आता 'अ' च्या माणसाला नोटीस काढाल ना? ती चूक करू नका.

'अ' कडे गावं किती आहेत? पांदणवाट, तू सांगितलं नाहीस. मी पैज लावतो, वीसच्या वर, आणि मधे एखादी नदी.

गाय पहाटे माजावर आली तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. साधारण बारा तास. आधी भरली तरी वाया, फार उशिरा भरली तरी वाया. म्हणजे शेतकऱ्याचा फोन आल्यावर मला बारा तासांत त्याच्या गोठ्यात पोचलं पाहिजे. कंटेनरमधून कांडी काढायची, ३७ अंश कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, कापायची, आणि लगेच काम. हे दवाखान्यात बसून होत नाही.

नोव्हेंबरात तेल संपलं की मी काय करणार? आठवड्यातून एक दिवस एका गावात शिबिर लावणार. लोक जनावरं आणतात, माज असो की नसो. तिथं वीस-पंचवीस रेतनं एका सकाळी होतात. उद्दिष्ट भरतं, तेल लागत नाही. फळतात तीन-चार.

दुसरी गोष्ट द्रव नत्राची. कांडी उणे १९६ अंशांत राहते. छोट्या कंटेनरमधलं नत्र उडत जातं, दर काही आठवड्यांनी भरावं लागतं. भरायला गाडी लागते, गाडीला तेल. कंटेनरमधे नत्राची पातळी खाली गेली तरी कांड्या दिसायला तशाच असतात. नंतर गोठवल्या तरी मेलेल्याच. मी लाकडी पट्टी घालून पातळी बघतो, ओलसर पांढरा भाग किती इंच आला ते. सगळे बघत नाहीत. ३५,००० चे हातमोजे आले, नत्राच्या फेरीला तेल नव्हतं, हे एका वाक्यात लिहा तुमच्या निष्पत्तीच्या रकान्यात.

आणि एक घरातली गोष्ट. गोठेवाल्याच्या म्हशीसारखी उलटणारी गाय आमच्या उद्दिष्टाला फायद्याची असते. पहिल्याच फेरीत फळली तर माझं एक रेतन. तीनदा उलटली तर तीन. चांगलं काम केलं तर आकडा कमी पडतो. हे मी पंधरा वर्षांपूर्वी एका बैठकीत बोललो होतो, सगळे हसले.

गोठेवाला
म्हनजे माही म्हस उलटली त्याचा सरकारले फायदा झाला? वा रे बावा.

एमपीएससी_वारी
काकांचा मुद्दा मान्य, "बंद झाली" हे मागे घेतो. केंद्रातही २००७-०८ पासून परफॉर्मन्स आणि आउटकमची कागदपत्रं एकत्र झाली, आणि २०१७-१८ ला योजना-योजनेतर फरक गेल्यावर आउटपुट-आउटकमचा आराखडा नीती आयोगाच्या मदतीने होऊ लागला, हे मला माहीत होतं, पण बाबनिहाय त्याच्या खाली चालूच आहे हे डोक्यात नव्हतं.

मग आता उघड आहे ना? पुढच्या वर्षी 'अ' चे पैसे कमी करा, 'ब' चे वाढवा. निष्पत्तीला पैसा जोडणं म्हणजे हेच.

जमाखर्चकाका
हेच नाही. 'अ' चे पैसे कमी केलेस की पेट्रोल सप्टेंबरात संपेल. मग शिबिरं वाढतील, वासरं अजून घटतील आणि पुढच्या वर्षी तू आणखी कमी करशील. मी असं एका योजनेत होताना पाहिलंय, तीन वर्षांत ती संपली. निष्पत्तीचा आकडा प्रश्न विचारायला वापरायचा. इथं प्रश्न आहे, 'अ' ला बाब २१ मधून २४ मध्ये किती हलवलं तर बारा तासांत पोचता येईल.

पांदणवाट, एक करून बघ. 'अ' च्या रेतनांच्या तारखा महिन्यावार मांड. एप्रिल ते ऑक्टोबर एक गठ्ठा, नोव्हेंबर ते मार्च दुसरा. दोन्हींत फळल्याचं प्रमाण वेगळं काढ. तेलाचा दोष असेल तर पहिला गठ्ठा 'ब' च्या जवळ येईल. माणसाचा दोष असेल तर दोन्ही सारखेच वाईट.

तपासनीसबाई
लेखापरीक्षणात आहे, म्हणून एक थंड पाण्याचा शिपका.

वासराला पावती नसते. पेट्रोलला असते. बाबनिहाय बजेटला तुम्ही सगळे नावं ठेवता, पण शेवटच्या दोन अंकांवर मी ठाम बोट ठेवू शकते: हे देयक, हे व्हाउचर, हा साठा. वासरांवर पैसे अवलंबून आहेत असं कळल्यावर पहिल्या वर्षी वासरं वाढतील, खरी नाही, कागदावरची. ८८ नोंदींना बिल्ला नंबर नाही यावर तुम्ही उदारपणे ३२ वासरं दिलीत. मी त्या ८८ बद्दल विचारीन की ती रेतनं झाली तरी का. कांड्यांचा साठा जुळवा. जितक्या कांड्या आल्या, वजा शिल्लक, वजा खराब, तितकीच रेतनं असली पाहिजेत. आणि तारखा बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रेतनं अचानक वाढली असतील, एकाच दिवशी दूरदूरच्या पाच गावांत नोंदी असतील, आणि त्या दिवशी लॉगबुकात गाडी उभी असेल, तर गाय नाही, पेन फळलंय.

गर्भतपासणीही तशीच. तीन महिन्यांनी हात घालून तपासलेल्यांतल्या किती गाभण, हे प्रमाण सगळे दाखवतात. ज्या तपासल्याच नाहीत त्या कुठे गेल्या? तपासणाऱ्याला माहीत असतं कोणती गाय परत माजावर आली, तिच्याकडे तो जातच नाही. भाजक नेहमी सगळ्या रेतनांचा घ्या.

कांडीवाला
बाई, सगळेच पेनवाले नसतात. पण साठा जुळवा हे बरोबर.

एक मात्र लिहून ठेवा. वासरू सगळं माझ्या हातात नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे ४५ अंश असतं. म्हैस दिवसा माज दाखवत नाही, रात्री-पहाटे दाखवते आणि मालकाला कळत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कोणी नसतं, माज आला नि गेला. चारा नसला तर गाय फळत नाही, आणि फळलेली गाभण गाय शेतकरी आठवडी बाजारात विकून टाकतो. ती दुसऱ्या तालुक्यात विते, आमच्या रजिस्टरला वासरू नाही. ही सगळी जबाबदारी दवाखान्याच्या रकान्यात आली तर कोणी नोंदच प्रामाणिक ठेवणार नाही.

सरपंचताई_२३
आमच्या ग्रामपंचायतीत पण हे करता येईल का? नमुना १ मध्ये तर सगळं टक्केवारीने ठरलेलं असतं. मागासवर्गीयांसाठी १५, महिला-बालकल्याण १०, दिव्यांग ५, पंधराव्या वित्त आयोगाचं २०२१ ते २०२६ साठी बंधित ६० नि अबंधित ४०. गेल्या वर्षी दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून व्हीलचेअर दिल्या. एक माणूस वापरतो, बाकीच्यांच्या घराला पायऱ्या आहेत.

जमाखर्चकाका
ताई, टक्केवारी हासुद्धा एक प्रकारचा बाबनिहाय बांध आहे. पैसा दुसरीकडे पळू नये म्हणून घातलेला, आणि तो काढू नये असंच माझं मत. पण बांधाच्या आत तुम्हाला मोकळीक आहे. "व्हीलचेअर ६ वाटल्या" हे काम झालं. "किती जण स्वतःहून घराबाहेर पडू लागले" हे मोजायला सहा घरी जाऊन यायचं, आणि मग कदाचित पुढच्या वर्षी खुर्च्यांऐवजी उतार बांधायचे. वेगळा धागा काढा, इथं गायींनीच जागा भरलीय.

पांदणवाट
काका, गठ्ठे केले. 'अ' ची बिल्लावाली ५२४ रेतनं. एप्रिल ते ऑक्टोबर २०४, त्यांची ५८ वासरं, म्हणजे २८ टक्के. नोव्हेंबर ते मार्च ३२०, त्यांची ३४, म्हणजे साडेदहा टक्के. आणि हो कांडीवाला, गावं २३ आहेत, मधे नदी आहे. 'ब' ला ९.

जमाखर्चकाका
म्हणजे तेल असताना २८, तेल नसताना साडेदहा. तरी २८ आणि ३६ मधलं अंतर उरतंच. ते नदीचं, २३ गावांचं की माणसाचं, हे या आकड्यांतून निघत नाही.

तपासनीसबाई
एप्रिल-ऑक्टोबरमध्ये २०४ आणि पाच महिन्यांत ३२०. मार्चचा एकट्याचा आकडा किती? आणि बिल्ला नसलेल्या ८८ पैकी मार्चमधल्या किती?

पांदणवाट
बाई, मार्चमध्ये १३१. बिनबिल्ल्याच्या ८८ पैकी ६४ मार्चमधल्या. कांड्यांचं साठा रजिस्टर मागितलंय, "शोधतो" म्हणालेत.

तपासनीसबाई
शोधू द्या.

कांडीवाला
मार्चच्या ऊन्हात १३१ म्हणजे जरा जास्तच आहेत. एवढंच म्हणतो. माणूस ओळखीचा निघायचा.

पांदणवाट
आज फॉर्म परत मागवून घेतला. साहेब आधी वैतागले, मग गठ्ठ्यांचा कागद दाखवल्यावर गप्प बसले. आता असं लिहिलंय:

उद्दिष्टात रेतनाचा आकडा ठेवला, तो काढायचा अधिकार मला नाही. त्याशेजारी "बिल्ला नंबरसह नोंद असलेली रेतनं" असा उपआकडा टाकला. निष्पत्तीत "दूध उत्पादनात वाढ" खोडून "२०२४-२५ मधील रेतनांपासून ३१ मार्च २०२६ पर्यंत जन्मलेली वासरं, सर्व रेतनांशी प्रमाण" असं लिहिलं. शेऱ्यात दवाखाना 'अ' साठी साहित्यातून पेट्रोलमध्ये ३०,००० वळवण्याचा प्रस्ताव जोडला, गठ्ठ्यांच्या तक्त्यासह. पाच हजार साहित्यात ठेवले, नत्राची पट्टी वगैरेसाठी. 'ब' ची नोटीस साहेबांनी "बघू" म्हणून बाजूला ठेवलीय, फाडली नाही.

एक्सेलचा निष्पत्तीचा रकाना पन्नास अक्षरांचाच आहे, माझं वाक्य अर्धं कापलं गेलं. आता ते "जन्म" पर्यंतच दिसतं, वासरं दिसतच नाहीत. वर फोन केला तर म्हणाले, रकाना कुलूपबंद आहे, संक्षिप्त लिहा.

गोठेवाला
पांदणवाट भाऊ, तुमचं होऊन जाईन. माही म्हस आज पहाटपासून वरडून रायली. कांडीवाले साहेब, कवा भरायची?

कांडीवाला
पहाटे किती वाजता सुरू झाली ते आठवून सांगा. आणि बळस स्वच्छ काचेसारखा आहे की पांढुरका? पांढुरका असेल तर यावेळी कांडी नको, आधी गर्भाशयाचा इलाज. तीनदा उलटलीय ना, हे कोणी तपासलंच नसेल.